जरा, जमेल तसं

"तात्या, तो मागच्या महिन्याचा रिजेक्शनचा डेटा द्या ना जरा. जमेल तसा."

एका सोमवारी सकाळी दहाच्या चहाला, हातात कागदी कप घेऊन, उभ्याउभ्या मी हे म्हणाले. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कारखान्यात चहा पत्र्याच्या शेडखाली मिळतो आणि ऑफिसची निम्मी कामं तिथेच एकमेकांच्या गळ्यात पडतात. तात्यांनी मान हलवली. मी कप टोपलीत टाकला आणि लाइनवर गेले. बोलायला फार तर चार सेकंद लागली असतील. त्या चार सेकंदांपायी तात्यांचा दीड दिवस गेला, माझी एक रात्र गेली आणि बुधवारी सकाळी गिऱ्हाइकासमोर जी गेली ती वेगळीच.

तात्या म्हणजे आमचे एमआयएसवाले. सिस्टीममधून कुठलाही आकडा बाहेर यायचा तर तो त्यांच्या टेबलावरून येतो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, निफाडकडचे, घरी द्राक्षबाग. मला ताई म्हणतात. मी क्वालिटीत आहे. आमच्याकडे गाड्यांना लागणारे पार्ट मशीनिंग करून तयार होतात. त्यातला एक बुश पुण्याकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला जातो. त्यांच्या लाइनवर आमचे २३ बुश मोठ्या बोअरचे, म्हणजे आतलं भोक मापापेक्षा मोठं असलेले, सापडले होते आणि बुधवारी अकराच्या कॉलवर आम्हाला सांगायचं होतं, की आमच्याकडे हा दोष किती येतो, कुठून येतो आणि आम्ही त्याचं काय करतोय. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तात्यांना मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी पाच वीसला मेल आला. चौदा पानांची पीडीएफ. कारखान्यातल्या सगळ्या पार्टचं, खातेनिहाय, रुपयांत काढलेलं स्क्रॅपचं मूल्य. प्रत्येक पानावर कंपनीचं बोधचिन्ह, तक्त्यांना बारीक किनार, बेरजेच्या ओळीला फिकट पिवळा रंग. आदल्या महिन्यात अकाउंट्सने 'रिजेक्शनचा डेटा' मागितला होता आणि त्यांना नेमकं हेच हवं होतं. तात्यांनी तेच, जरा आणखी नीटनेटकं करून, मला पाठवलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. साडेपाचची बस पकडायला ते निघाले, तेव्हा वाटेत माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. झालं एकदाचं तुमचं काम, अशा अर्थाने.

मला हवे होते एकाच पार्टचे नग, कारणांप्रमाणे. त्या पीडीएफमधून रुपये काढून, पार्टच्या किमतीने भागून नग मिळवावेत असंही मनात येऊन गेलं. पण सेटिंगमध्ये गेलेला माल आणि लाइनवर गेलेला माल त्यात एकत्र होता, तेव्हा तो नाद सोडला. शेवटी लाइनवरच्या हाताने लिहिलेल्या वह्या घेऊन बसले. रात्री साडेदहापर्यंत ऑगस्टचा आकडा जमला, ३१२ नग नाकारलेले. भागायला एकूण उत्पादन हवं होतं, ते हाताशी नव्हतं. डिस्पॅचचा आकडा होता, ३९,००० नग. दिलं भागून. दहा लाखांत ८,०००.

कॉलवर पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्याच महिन्याच्या रिपोर्टमध्ये तर ६,५०० आहे. मग यातला खरा कुठला?"

खरा ६,५०० च होता. त्या महिन्यात आम्ही ४८,००० नग बनवले होते, त्यातले नऊएक हजार अजून पाठवायचे होते, आणि ३१२ ला ४८,००० ने भागलं की ६,५०० येतात. नाकारलेले नग तेच, फक्त खालचा आकडा बदलला होता. हे त्या क्षणी मला सुचलं नाही. "तपासून सांगते" म्हणाले. दोष दाखवायला बसलेल्या माणसाला स्वतःचा आकडा तपासून सांगायची वेळ आली, की पुढचं बोलणं कोण ऐकतं?

त्यानंतर दोन दिवस तात्यांचा राग राग केला. मनातल्या मनात, अर्थात. मग एकदा जेवताना सहज म्हणून मी माझंच वाक्य पुन्हा उच्चारून बघितलं, आणि त्यात मला काय हवं होतं ते कुठेही सापडेना.

'जरा' हा शब्द बघा. तो मागणाऱ्याच्या सोयीचा आहे. 'जरा पाणी द्या' यात तो शोभतो, कारण पाणी द्यायला खरोखरच जरासाच वेळ लागतो. 'जरा डेटा द्या' यात तो समोरच्याचा दीड दिवस झाकून टाकतो. 'जमेल तसा' हे वरवर सौजन्य. मी तर ते तात्यांवर भार नको म्हणून म्हटलं होतं. पण त्यामुळे काय, कसं आणि कधी हे तिन्ही ठरवायचं ओझं मी त्यांच्यावर टाकलं, आणि ठरवायला जी माहिती लागते ती मात्र माझ्यापाशीच ठेवली. 'तो' डेटा, हे तर आणखी भारी. कुठला तो? माझ्या डोक्यातला.

'रिजेक्शन' या एका शब्दात आमच्याकडे निदान चार वेगळ्या गोष्टी राहतात. बाहेरून आलेला कच्चा माल नाकारला ते एक. मशीन सेट करताना पहिले काही नग जातात ते दुसरं. चालू लाइनवर तपासणीत बाजूला पडलेले तिसरं. गिऱ्हाइकाने परत धाडलेले चौथं. यातल्या तिसऱ्या प्रकारात पुन्हा रिवर्क होऊन पास झालेले नग धरायचे की नाही, हा वाद आहेच. माझ्या त्या ३१२ मधले ८४ नग नंतर दुरुस्त होऊन पास झाले होते. ते वजा केले तर उरतात २२८ आणि दर येतो ४,७५०. म्हणजे एकाच महिन्याच्या एकाच पार्टचे तीन दर झाले, ८,०००, ६,५०० आणि ४,७५०. पहिला चुकीचाच. उरलेले दोन्ही बरोबर, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. आमची प्रक्रिया किती बिघडते, या प्रश्नाला ६,५००. भंगारात किती गेलं, या प्रश्नाला ४,७५०. प्रश्न कुठला आहे हे न सांगता तात्यांकडून उत्तराची अपेक्षा करणं म्हणजे लासलगावला फोन लावून नुसतं "भाव काय?" विचारण्यासारखं आहे. पलीकडचा माणूस आधी विचारतो, लाल का उन्हाळ? आणि मग किमान, कमाल, सरासरी असे तीन आकडे सांगतो. तो विचारतो, कारण त्याला तसं विचारायची सवय आहे. ऑफिसात ज्युनिअर-सीनिअर, बाई-माणूस, घाई-गडबड असलं सगळं मध्ये येतं आणि माणसं न विचारता कामाला लागतात.

याच विचारात असताना मला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती आठवला. माझं माहेर जुन्या नाशकातलं, गोदाघाटाजवळचं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमी क्युसेकमध्ये येते. एवढे हजार क्युसेक विसर्ग, अमुक वाजल्यापासून. धरणावरच्या माणसांना तो आकडा त्याच रूपात लागतो, दार किती उघडायचं ते त्यावरून ठरतं. पण भांडी बाजारातला, सराफ बाजारातला दुकानदार क्युसेकचं काय करणार? तो विचारतो, "मारुतीला कुठवर आलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. कमरेवर गेलं की आमच्या घरी खालच्या खोलीतली धान्याची कोठी माळ्यावर चढायची, आणि छातीवर गेलं की आजी आम्हा पोरांना मामाकडे धाडायची. एकाच पुराची ही दोन रूपं. ज्याला त्या आकड्यावरून जे करायचं त्याप्रमाणे त्याने आपलं रूप निवडलेलं. पाणी किती हे आजीने कधी विचारल्याचं मला आठवत नाही. कोठी उचलायची का, हे तिला कळायला हवं असायचं.

तर पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाने जून ते ऑगस्ट असं तीन महिन्यांचं चित्र मागितलं. कॉल शुक्रवारी अकराला. या वेळी मी चहाला काही बोलले नाही, टेबलाशी बसून लिहून काढलं. आणि अगदी दुसऱ्या टोकाला गेले. सतरा कॉलमांची यादी केली. पार्ट नंबर, हीट नंबर, ऑपरेटर, तपासनीस, गेज नंबर, काय वाटेल ते. फॉन्टसुद्धा लिहिला. लाज वाटते आता. मेल पाठवून अर्धा तासही झाला नसेल, तात्या स्वतः चालत आले.

"ताई, यातले नऊ कॉलम सिस्टीममध्ये एका जागी नाहीत. तीन रिपोर्ट काढून जोडावे लागतील. दोन दिवस जातील. देतो मी. पण तुम्हाला करायचंय काय?"

हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून बरं. सतरा कॉलम लिहूनही ती एक ओळ मी लिहिली नव्हती. कशासाठी हे सांगितलं नाही, की नेमकेपणाही नुसता हुकूम होतो. समोरचा मुकाट्याने यादी भरतो, आणि यादीच चुकली असेल तर चुकीची यादी बिनचूक भरून देतो.

मी सांगितलं. बोअर मोठा येणं कुठल्या मशीनवर आणि कुठल्या शिफ्टला जास्त आहे, एवढं दाखवायचंय. तात्यांनी खुर्ची ओढली. "मग ऑपरेटर कशाला? हीट नंबर कशाला? सहा कॉलम पुरे झाले. आणि तारीख कुठली हवी?"

"म्हणजे?"

"बुकिंगची का उत्पादनाची? तिसऱ्या शिफ्टचा माल सकाळी पहिल्या शिफ्टचा पोरगा सिस्टीममध्ये बुक करतो. बुकिंगच्या तारखेने काढलं तर एकतीस ऑगस्टच्या रात्रीचं रिजेक्शन सप्टेंबरात दिसेल. आणि शिफ्टचा कॉलम मी बुकिंगच्या वेळेवरून लावला, तर तुमची तिसरी शिफ्ट एकदम सोवळी निघेल."

मी अकरा वर्षं क्वालिटीत आहे आणि हे मला माहीत नव्हतं. शिफ्टप्रमाणे तुलना करायला निघालेली मी, आणि ज्या तारखेवर ती उभी राहणार ती तारीखच चुकीची घेणार होते. असा चुकलेला तक्ता दिसायला अगदी सरळ दिसतो. बेरजा जुळतात, चार्ट सुरेख निघतो. चूक कळायची एकच खूण, कुठली तरी एक शिफ्ट तीन महिने जवळजवळ शून्य. असं दिसलं की कौतुक करायचं नाही, बुकिंग कोण करतं ते विचारायचं.

मग आम्ही दोघांनी मिळून मागणी पुन्हा लिहिली. मी टाइप करत होते, तात्या शेजारी बसून खोडत होते. शेवटी पाठवली ती अशी:

"तात्या, शुक्रवारी सकाळी ११ ला गिऱ्हाइकाला दाखवायचंय, की बुशचा बोअर मोठा येणं कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला जास्त आहे. त्यासाठी फक्त या एका पार्टचं, जून ते ऑगस्टचं लाइन रिजेक्शन लागेल. सेटिंगचं आणि परत आलेलं नको. उत्पादनाच्या तारखेप्रमाणे. नग हवेत, रुपये नकोत. एका ओळीत एकच नोंद: तारीख, शिफ्ट, मशीन, कारण, नाकारलेले नग, त्या शिफ्टचं एकूण उत्पादन. रिवर्कमध्ये पास झालेले वजा करू नका. एक्सेल द्या, बेरजा आणि रंग नकोत, ते मी करते. बुधवारी दुपारी ३ पर्यंत मिळालं तर गुरुवारी साहेबांना दाखवून दुरुस्त्या करता येतील. तिन्ही महिने जमत नसतील तर आधी ऑगस्ट द्या. काही अडलं तर उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळवा."

वाचायला जेमतेम मिनीट, लिहायला पंचवीस मिनिटं लागली. यातलं 'बेरजा आणि रंग नकोत' हे मला सगळ्यात अवघड गेलं. आपल्याकडे रिपोर्ट सजवून देणं हा मान आहे, नुसत्या कच्च्या ओळी देणं म्हणजे ताटात फक्त भात वाढण्यासारखं वाटतं. पण मधे मधे बेरजेच्या ओळी घातल्या, तारखांचे खाने जोडून एक केले, की एक्सेलमध्ये गाळणी नीट चालत नाही आणि पिव्होट फसतो. तात्यांचा सजवायला जाणारा तास आणि ती सजावट उतरवायला जाणारा माझा तास, दोन्ही वाचतात. हे कारण सांगितल्यावर तात्या म्हणाले, "आधी सांगायचं ना. मला वाटायचं तुम्हा लोकांना रंग लागतो."

'काही अडलं तर उद्यापर्यंत' ही ओळ मी नंतरच्या मागण्यांमध्येही ठेवली आहे. आपल्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही. होणार नाही हे माणूस शेवटच्या दिवशी, तेही विचारल्यावर, तेही जमिनीकडे बघत सांगतो. आधीच विचारण्याची एक जागा करून ठेवली की अवघडलेपण कमी होतं. 'आधी ऑगस्ट द्या' याचंही तसंच. सगळं नाही जमलं तर काय पुरेल हे मागणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि तो सांगत नाही म्हणून देणारा सगळं पुरं होईपर्यंत काहीच देत नाही.

मुदतीचं एक सांगायला हवं. त्याआधीच्या एका प्रकरणात आम्ही पुरते फसलो होतो. याच गिऱ्हाइकाच्या माणसाने फोनवर "आठवड्याच्या शेवटी द्या" म्हटलं होतं, मी तात्यांना तेच शब्द जसेच्या तसे दिले. आमच्या कारखान्याला सुट्टी शनिवारची. तात्यांच्या हिशेबाने आठवड्याचा शेवट म्हणजे शुक्रवार संध्याकाळ, आणि त्यांनी शुक्रवारी चारला दिलंही. पण गिऱ्हाईक पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातलं, तिथे कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. त्या माणसाचा आठवडा बुधवारी संपला होता. दोन शहरं, दोन आठवडे, आणि मध्ये निरोप्या मी. आता मी वार आणि वेळ लिहिते, आणि त्यापुढे काय होणार आहे तेही लिहिते. 'बुधवारी ३' एवढंच लिहिलं तर तो हट्ट वाटतो. 'म्हणजे गुरुवारी साहेबांना दाखवता येईल' म्हटलं, की समोरच्याला कळतं तीनचे साडेचार झाले तर चालेल, गुरुवार सकाळ झाली तर नाही.

मध्यंतरी मी एक लबाडीही करून बघितली. खरी गरज शुक्रवारची असताना बुधवार सांगायचा, दोन दिवस आपल्याकडे ठेवायचे. तिसऱ्या वेळेला तात्यांनी ओळखलं. मी मागितलेला रिपोर्ट दोन दिवस माझ्या इनबॉक्समध्ये न उघडता पडलेला होता, आणि त्यांना 'वाचलं' ची खूण आली नव्हती. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या मागणीला त्यांनीही दोन दिवस आपल्याकडे ठेवले. झाली फिटंफाट.

असो. त्या मागणीवर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी तात्यांचा फोन. "ताई, तुमच्या त्या सहाव्या कॉलममध्ये गडबड आहे."

मी म्हटलं, "एकूण उत्पादनाच्या? त्यात काय गडबड?"

"समजा दोन नंबर मशीनवर दुसऱ्या शिफ्टला ३०० नग झाले. त्यात तीन कारणांनी नग गेले. म्हणजे तीन ओळी. प्रत्येक ओळीत मी ३०० लिहिणार. तुम्ही बेरीज मारली की झाले ९००."

मी गप्प. ते पुढे म्हणाले, "आणि ज्या शिफ्टला एकही नग गेला नाही, तिची ओळच येणार नाही. तिचं उत्पादन तुमच्या हिशेबातून गायब. काही शिफ्ट तिप्पट मोजल्या, चांगल्या शिफ्ट मोजल्याच नाहीत. कशालाही कशाने भागाल."

म्हणजे एवढं खोडून खोडून लिहिलेली ती मागणी, तिच्यातही ८,००० सारखाच एक आकडा दबा धरून बसला होता. तात्यांनी उपाय सांगितला, तो साधा आहे. दोन वेगळी पानं करायची. एका पानावर रिजेक्शन, एका ओळीत एक कारण. दुसऱ्या पानावर उत्पादन, प्रत्येक तारीख-शिफ्ट-मशीनची एकच ओळ, नग गेले असोत वा नसोत. वरचा आकडा पहिल्या पानावरून घ्यायचा आणि खालचा दुसऱ्यावरून. दोन्ही पानांच्या बेरजा सिस्टीमच्या महिन्याच्या एकूण आकड्याशी जुळल्या, तरच पुढे जायचं. ऑगस्टचे ३१२ आणि ४८,००० दोन्हीकडे आले पाहिजेत.

ही चूक त्यांना दिसली, कारण मला मशीन आणि शिफ्टप्रमाणे दर काढायचा आहे हे त्यांना माहीत होतं. नुसती सहा कॉलमांची यादी असती तर त्यांनी ती भरून दिली असती. आणि आकडा चुकला असता, तर मी पुन्हा दोन दिवस त्यांच्यावरच मनातल्या मनात रागावले असते.

बुधवारी दोन पन्नासला फाइल आली. दोन पानं मागितली होती, आत तीन होती. तिसऱ्यावर टूल रूमच्या नोंदी. दोन नंबर मशीनवर बोअरचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं पातं, कुठल्या तारखेला, कुठल्या शिफ्टला बदलला ते. खाली एक ओळ: "मागितलं नव्हतं, पण कशाला पाहिजे ते कळल्यावर जोडलं. बघा उपयोग होतो का."

उपयोग असा झाला. दोन नंबर मशीन, दुसरी शिफ्ट, हे पहिल्या दोन पानांवरूनच दिसत होतं. तिसरं पान शेजारी ठेवल्यावर दिसलं, की वाईट दिवस आणि इन्सर्ट बदलल्याचे दिवस बहुतेक एकच आहेत. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान येऊ लागतो, मग ऑपरेटर ऑफसेटमध्ये, म्हणजे ती झीज भरून काढायला मशीनला दिलेल्या आकड्यात, थोडं थोडं वाढवत नेतो. नवा इन्सर्ट लावला की ती वाढवलेली भर शून्यावर आणायची असते. पहिल्या शिफ्टमध्ये सेटर हजर असतो, तो आणतो. दुसऱ्या शिफ्टला सेटर अर्ध्या वेळेलाच असतो. नवा इन्सर्ट, जुनी भर, बोअर मोठा. शुक्रवारच्या कॉलवर मी हे चार वाक्यांत सांगितलं. पलीकडच्या बाईंनी आकडा कुठून आला हे विचारलं नाही, ऑफसेटची तपासणी कधीपासून सुरू करणार ते विचारलं.

आता प्रत्येक वेळी एवढं लिहिते का? नाही. "तात्या, आज किती गेले?" हे मी अजूनही दारातून ओरडून विचारते आणि ते आतून आकडा ओरडतात. एका आकड्याला, रोजच्या ओळखीच्या आकड्याला, फॉर्म भरायला लावणं म्हणजे शेजाऱ्याकडे विरजण मागायला अर्ज घेऊन जाणं. माझी खूण एवढीच आहे, की उत्तर द्यायला समोरच्याला खुर्चीत बसावं लागणार असेल तर मीही बसून लिहायचं.

आणि 'ताई', 'तात्या', 'ना', 'द्याल का' हे सगळं जागच्या जागी आहे. माझी एक नवी सहकारी म्हणाली, असं मुद्देसूद लिहिलं की उद्धट वाटतं. तिने लिहिलेलं मी वाचलं. तिने नेमकेपणा आणला होता, पण 'तात्या' गाळलं होतं आणि 'द्याल का' चं 'द्यावे' केलं होतं. उद्धटपणा त्या 'द्यावे'त होता, मुद्द्यांत नव्हता.

परवा तात्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा ते नव्हते, त्यांची वही उघडी होती. शाळेची दोनशे पानी वही. आलेली प्रत्येक मागणी ते तिच्यात लिहितात, झाली की समोर बरोबरची खूण करतात. मी मागे चाळत गेले आणि त्या सोमवारची ओळ सापडली. "ताई. रिजेक्शन. मागचा महिना. कुठलं? कशाला?" ही दोन्ही प्रश्नचिन्हं त्यांनी पेन दाबून काढली होती.

ते आले तसं मी विचारलं, "तात्या, तेव्हाच प्रश्न पडला होता, तर विचारलं का नाही?"

"तुमचा चहा संपला होता," ते म्हणाले. मग वही माझ्याकडे फिरवून त्यांनी आजच्या तारखेवर बोट ठेवलं. "आता हे काय असेल, तेवढं सांगा."

तिथे लिहिलं होतं, "साहेब. ते मागचं. लवकर."